सोसायटीचा डिलीट झालेला डेटा: पेनड्राइव्हने काय जपलं आणि हार्ड डिस्कने काय

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीचं ऑडिट एकदाचं पार पडलं, म्हणून आता बसून हे लिहितेय. जूनमध्ये मी रात्री अकरा वाजता हेच सगळं मराठीत शोधत होते आणि काही हाती लागत नव्हतं, कुणी नीट सांगतच नव्हतं की पेनड्राइव्हवरून उडालेली फाइल आणि हार्ड डिस्कवरून उडालेली फाइल यात फरक काय असतो. फरक खूप आहे, आणि तो आधी माहीत असता तर माझे पहिले पाच-सहा दिवस वाया गेले नसते.

आमची सोसायटी डोंबिवलीत, ६४ फ्लॅट, आणि मी खजिनदार. ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे, ५०० जीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, तिच्या डी ड्राइव्हवर SOCIETY नावाचा फोल्डर. त्यात सभासदांची सगळी नोंद असलेली sabhasad.mdb ही अ‍ॅक्सेसची फाइल (आमचं आय आणि जे रजिस्टर यातूनच छापलं जायचं), जुन्या ऑडिट रिपोर्टचे स्कॅन, नॉमिनेशन फॉर्म, पार्किंगची पत्रं, असं सगळं मिळून ४१८ फाइली. शिवाय ऑपरेटर मुलगा एक १६ जीबीचा पेनड्राइव्ह वापरायचा. घरी संध्याकाळी पेनड्राइव्हवरच एन्ट्र्या करायचा आणि शनिवारी येऊन ती फाइल डी ड्राइव्हवर पेस्ट करून रिप्लेस करायचा. म्हणजे कामाची फाइल दोन ठिकाणी, आणि आम्ही सगळे त्यालाच बॅकअप समजत होतो.

३ जूनला, सोमवारी, तो नोकरी सोडून गेला. जाताना "माझं पर्सनल काढून टाकतो" म्हणाला आणि दोन्हीकडचं सगळंच काढून टाकलं. कॉम्प्युटरवर शिफ्ट-डिलीट, त्यामुळे रीसायकल बिनमध्ये काही नाही, आणि पेनड्राइव्हला तर रीसायकल बिन नसतोच. आम्हाला कळलं ९ तारखेला रविवारी, ऑडिटरचा फोन आल्यावर. मधल्या दिवसांत नवीन ऑपरेटर येऊन बसला होता आणि त्याने स्वतःचे लेटरहेड, नोटिशींचे नमुने असा २१२ फाइलींचा फोल्डर डी ड्राइव्हवर टाकला होता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

३१ जुलैच्या आत ऑडिट पूर्ण करायचं होतं. पोटात गोळा आला होता अक्षरशः, कारण सह्या माझ्या आहेत.

१० तारखेला एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेले. त्यांचा दोन पानी फॉर्म, त्यात विचारलेलं की डिस्क एसएसडी आहे का, फाइल सिस्टम कोणती, डिलीट झाल्यावर वापर झाला का, आणि खाली बारीक अक्षरात की डेटा मिळो न मिळो तपासणी फी परत मिळणार नाही. फी ५०० रुपये. तीन दिवसांनी एस्टिमेट आलं, हार्ड डिस्कचे १४,००० आणि पेनड्राइव्हचे ४,५००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सगळे मिळून २१,८३०. आणि त्यांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं की पेनड्राइव्हवरची अ‍ॅक्सेस फाइल निघेल असं वाटत नाही, स्कॅन निघतील. मी विचारलं, एकाच पेनड्राइव्हवरच्या एका फाइलचं एक आणि दुसरीचं दुसरं असं का? तर काउंटरवरच्या मुलाला तेवढा वेळ नव्हता.

एवढा खर्च करायचा तर समितीचा ठराव लागतो, तीन कोटेशन लागतात. १६ जूनच्या मीटिंगमध्ये ठरलं की दोन आठवडे स्वतः प्रयत्न करायचा, फक्त मूळ वस्तूंना हात न लावता, आणि ३० तारखेपर्यंत जमलं नाही तर सरळ लॅबकडे द्यायचं. मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि माझा एक जुना विद्यार्थी सायबर फॉरेन्सिकमध्ये काम करतो, त्याला फोन लावला. त्याचं पहिलंच वाक्य, "मॅडम, पेनड्राइव्ह विंडोजला लावू नका आणि तो कॉम्प्युटर आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगा."

पेनड्राइव्ह सेक्रेटरी काकांनी एकदा लावून पाहिला होता. विंडोज अशा वेळी पेनड्राइव्हवर System Volume Information नावाचा फोल्डर स्वतःहून बनवतं, आणि रिकामी दिसणारी पहिली जागा घेतं, म्हणजे डिलीट झालेल्या फाइलीचीच. आमच्याकडे तो फोल्डर आधीपासून होता म्हणून वाचलो.

१ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली, ४,३५० रुपये, बिल सोसायटीच्या नावाने. विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून माझ्या लॅपटॉपवर चालू केला, त्यातलं लावलेली डिस्क आपोआप उघडणारं ऑटोमाउंट बंद केलं, आणि दोन्हींची बिट-टू-बिट नक्कल काढली, विंडोजचं कॉपी-पेस्ट नव्हे, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट सगळं:

```
sudo ddrescue /dev/sdb1 pd.img pd.map
sudo ddrescue /dev/sdc3 d.img d.map
```

(तुमच्याकडे sdb, sdc वेगळे असतील, आधी `lsblk` करून आकारावरून ओळखा, उलटसुलट झालं तर जे आहे तेही जाईल.) पेनड्राइव्हला पंधरा मिनिटं, डी ड्राइव्हच्या ३५० जीबीला सव्वातीन तास, कारण डिस्क काढून जुन्या यूएसबी केसमध्ये घातली होती. त्यानंतर मूळ पेनड्राइव्ह पाकिटात घालून वर तारीख आणि दोघांच्या सह्या करून सेक्रेटरींच्या कपाटात ठेवला. पुढचं सगळं काम नकलेवर.

कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली याचा हिशोब ठेवायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टम, आणि ती पेनड्राइव्हवर फॅट३२ होती, डी ड्राइव्हवर एनटीएफएस. फॅट हे घराणं १९७० च्या दशकातलं, त्यातलं फॅट३२ १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत आलं. एनटीएफएस १९९३ चं, विंडोज एनटीबरोबर आलेलं, म्हणजे फॅट३२ च्याही आधीचं, पण बांधणी पूर्ण नवी. डिलीट करताना दोन्ही ठिकाणी फाइलीतला मजकूर पुसला जात नाही, जागा फक्त "मोकळी" म्हणून लिहिली जाते, एवढं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते असं की त्या मजकुरापर्यंत पोचायचा पत्ता दोघे वेगवेगळ्या प्रकारे सांभाळतात आणि वेगवेगळ्या प्रकारे हरवतात.

आधी फॅट. फॅटमध्ये प्रत्येक फाइलीची फोल्डरमध्ये ३२ बाइटची एक ओळ असते. त्यात नाव, तारीख, आकार आणि फाइल कुठल्या क्लस्टरपासून सुरू होते तो नंबर, आणि फक्त सुरुवातीचाच नंबर. क्लस्टर म्हणजे डिस्कवरची एक खोली समजा, आमच्या पेनड्राइव्हवर ८ केबीची. पहिल्या खोलीनंतर पुढची कोणती हे त्या ओळीत नसतं, ते वेगळ्या तक्त्यात असतं, आणि त्या तक्त्यालाच फॅट म्हणतात. लहानपणी चिठ्ठ्यांचा खेळ खेळायचो तसं, पहिल्या चिठ्ठीत दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा. फाइल डिलीट केली की दोन गोष्टी होतात. ओळीचा पहिला बाइट बदलून `E5` होतो, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर जातं, आणि तक्त्यातल्या त्या फाइलीच्या सगळ्या चिठ्ठ्या शून्य होतात. उरतं काय, तर सुरुवातीची खोली आणि एकूण आकार. मधला रस्ता गेला.

ऑडिटरला पहिल्यांदा हवा होता २०१४-१५ चा रिपोर्ट, AUDIT15.PDF. डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पेनड्राइव्हवरची त्याची ओळ अशी दिसली:

```
E5 55 44 49 54 31 35 20 50 44 46 20 00 00 80 5A
0E 47 0E 47 00 00 80 5A 0E 47 40 1A 86 1C 1C 00
```

पहिला `E5`, पुढे UDIT15, मग PDF. लांब नावं असतील तर ती शेजारच्या वेगळ्या ओळींत पूर्ण राहतात, पहिल्या अक्षरासकट, मराठी नावं सुद्धा, पण हे नाव आठ अक्षरांत बसणारं असल्याने तशी ओळच नव्हती. हे आकडे हेक्स, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले, असतात. शेवटचे चार बाइट उलटे वाचायचे, `001C1C86`, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत १८,४२,३१० बाइट, ८ केबीच्या २२५ खोल्या. त्याच्या आधीचे दोन `40 1A`, उलटे `1A40`, म्हणजे खोली नंबर ६,७२०. वाटलं झालं काम. तिथून २२५ खोल्या उचलल्या आणि उघडून पाहिलं तर पीडीएफ नाहीच, कुठल्यातरी गाण्याचा मधला तुकडा.

इथे मी दोन रात्री अडकले होते. विद्यार्थ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, वरचा अर्धा नंबर बघा, शून्य आहे ना?" होता. फॅट३२ मध्ये खोलीचा नंबर दोन भागांत लिहिलेला असतो, खालचा भाग शेवटी आणि वरचा भाग ओळीच्या मध्ये, दुसऱ्या रांगेतला पाचवा-सहावा बाइट. विंडोज फाइल डिलीट करताना हा वरचा भाग शून्य करून टाकतं. त्यामुळे फाइल पेनड्राइव्हच्या पहिल्या ६५,५३६ खोल्यांत असेल, म्हणजे आमच्याकडे पहिल्या ५१२ एमबीत, तर पत्ता बरोबर निघतो, आणि त्यापुढे असेल तर पत्ता चुकीचा, पण चूक ठरलेल्या अंतराची. बिल्डिंगमधला फ्लॅट नंबर शिल्लक आहे पण विंग गेली, तसं. मग प्रत्येक विंगमध्ये तोच फ्लॅट ठोठावायचा, ६,७२० मध्ये ६५,५३६ मिळवत जायचं आणि तिथे पीडीएफची सुरुवात, `%PDF` ही अक्षरं, दिसतात का ते बघायचं. पहिल्यांदा मिळवून ७२,२५६, तिथे नाही. दुसऱ्यांदा १,३७,७९२, तिथे होती! त्या वेळी मी घरात एकटीच होते आणि मोठ्याने "मिळाली" म्हणाले.

नकलेतून तो भाग असा कापला:

```
dd if=pd.img of=AUDIT15.PDF bs=8192 skip=139838 count=225
truncate -s 1842310 AUDIT15.PDF
```

१,३९,८३८ कुठून आले तर खोल्यांची मोजणी २ पासून सुरू होते, आणि स्ल्यूथ किट नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधल्या `fsstat pd.img` ने दाखवलं की पहिली खोली पार्टिशनच्या सुरुवातीपासून १६ एमबीवर आहे, म्हणजे ८ केबीचे २,०४८ तुकडे सोडून. १,३७,७९२ उणे २ अधिक २,०४८. तुमच्या पेनड्राइव्हवर हे आकडे वेगळे येतील, हिशोब तोच. फाइल उघडली, शिक्क्यासकट, शेवटच्या पानापर्यंत.

शेवटच्या पानापर्यंत का उघडली हे महत्त्वाचं आहे. स्कॅन एकदाच लिहिला जातो, त्यामुळे त्याच्या खोल्या बहुतेक वेळा सलग असतात आणि चिठ्ठ्या हरवल्या तरी काही बिघडत नाही, सुरुवात कळली आणि किती घ्यायच्या ते कळलं की पुरतं. sabhasad.mdb चं तसं नव्हतं. ती २०१५ मध्ये ३ एमबीची होती आणि मुलगा तिच्यातच एन्ट्र्या करत गेला, वाढत वाढत २२ एमबी झाली, आणि मधल्या काळात शेजारच्या खोल्यांत स्कॅन, फोटो, त्याची गाणी येऊन बसली. म्हणजे फाइल पेनड्राइव्हभर विखुरलेली आणि जोडणाऱ्या चिठ्ठ्या शून्य.

एका फुकटच्या सॉफ्टवेअरने या फाइलीपुढे हिरवा ठिपका दाखवला होता, "उत्तम स्थिती" असा. त्याने रिकव्हर केली, आकार बरोबर २२ एमबी, आणि अ‍ॅक्सेस म्हणालं की ही डेटाबेस फाइलच नाही. हेक्समध्ये पाहिलं तर सुरुवातीला `Standard Jet DB` अगदी नीट दिसतंय, पहिले ३ एमबी एकदम स्वच्छ, आणि बरोबर ३१,४५,७२८ व्या बाइटला `FF D8 FF`, म्हणजे जेपीजी फोटोची सुरुवात. ३१,४५,७२८ ला ८,१९२ ने भागा, ३८४ येतात, पूर्ण भाग जातो. म्हणजे ३८४ खोल्या आपल्या आणि ३८५ वी दुसऱ्याची. फाइलीच्या मध्येच, खोलीच्या अचूक सीमेवर, दुसऱ्याच प्रकारच्या फाइलीचं डोकं दिसलं की समजायचं, सॉफ्टवेअरने सलग धरून उचललंय आणि खरी फाइल तुटक होती. तो हिरवा ठिपका फक्त एवढंच सांगत होता की त्या जागेवर दुसऱ्या चालू फाइलीने हक्क सांगितलेला नाही. ती जागा आपल्याच फाइलीची आहे का, हे फॅटवर त्याला कळायला मार्गच नाही. रिकव्हरीवाल्याने स्कॅन निघतील पण अ‍ॅक्सेस फाइल नाही असं का म्हटलं, ते मला या रात्री कळलं.

२२ जूनला शनिवारी डी ड्राइव्हची नक्कल घेऊन बसले. मनाची तयारी केली होती की तिथेही असंच होणार.

एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीचा एक रेकॉर्ड असतो, साधारण १,०२४ बाइटचा, आणि हे सगळे रेकॉर्ड `$MFT` नावाच्या एका मोठ्या रजिस्टरमध्ये नंबरवार असतात. त्या एका रेकॉर्डमध्येच नाव, तारखा, कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, आणि फाइलीच्या सगळ्या तुकड्यांचे पत्ते, "इथून इतक्या खोल्या, मग तिथून इतक्या" असे पूर्ण लिहिलेले असतात. डिलीट केल्यावर रेकॉर्डवरचा "वापरात" हा खुणेचा बिट काढला जातो, त्याच्या खोल्या मोकळ्या म्हणून नोंदल्या जातात, फोल्डरच्या यादीतून नाव जातं. पण रेकॉर्डच्या आतले पत्ते तसेच राहतात. आमच्याकडे सभासद फ्लॅट विकून गेला की फाइलीवर "बंद" शिक्का मारून ती कपाटातच ठेवतो, आतली पानं कोणी काढत नाही, तसंच.

```
fls -rdp d.img
r/r * 38412-128-3:	SOCIETY/sabhasad.mdb
icat d.img 38412-128-3 > sabhasad.mdb
```

(पहिली आणि तिसरी ओळ मी टाइप केलेली, त्याच स्ल्यूथ किटमधल्या कमांड, मधली त्याने दाखवलेल्या यादीतली, त्यातला तारा म्हणजे डिलीट झालेली.) नाव पूर्ण, पहिलं अक्षर शाबूत. `istat` ने बघितलं तर फाइल इथेही विखुरलेलीच होती, सहा तुकड्यांत, पण सहाही पत्ते लिहिलेले, मिळून ५,६३२ खोल्या, इथे खोली ४ केबीची, म्हणजे बरोबर २२ एमबी. फाइल विंडोजच्या लॅपटॉपवर नेऊन उघडली तर उघडली. शेवटची एन्ट्री १ जूनची, शनिवारची, ४०२ नंबरच्या पार्किंगची. सेक्रेटरी काकांना रात्री साडेदहाला फोन केला, ते काही बोललेच नाहीत थोडा वेळ.

अजून एक गोष्ट तिथे मिळाली जी पेनड्राइव्हवर कधीच नव्हती. fd.txt, फक्त ४१२ बाइट, सोसायटीच्या पाच एफडींचे पावती नंबर आणि मुदतीच्या तारखा. एवढ्या छोट्या फाइलीला एनटीएफएस वेगळी खोली देतच नाही, साधारण ७०० बाइटपर्यंतचा मजकूर त्या रेकॉर्डमध्येच लिहून टाकतं. त्यामुळे रेकॉर्ड वाचला की मजकूर वाचलाच, नंतर डिस्कवर कितीही मोठ्या फाइली येऊन पडल्या असत्या तरी.

पण रेकॉर्ड वाचला तर. आता तो २१२ चा आकडा. मला ४१८ नावं दिसायला हवी होती आणि `fls` मध्ये दिसली २०६. कारण नवीन फाइल बनली की तिला मोकळा झालेला रेकॉर्ड दिला जातो, सहसा सगळ्यात लहान नंबरचा आधी. नवीन ऑपरेटरच्या २१२ फाइलींनी आमचे २१२ रेकॉर्ड घेतले, आणि लहान नंबर म्हणजे आमचे सगळ्यात जुने, २०१२ ते २०१६ चे स्कॅन. त्या फाइलींचं नाव, पत्ता, आकार सगळं एका फटक्यात गेलं. ३५० जीबीच्या डिस्कवर ढीगभर जागा मोकळी होती आणि जुना मजकूर बहुतेक तसाच पडलेलाही असेल, पण सांगणारं कोणी उरलं नाही. नवीन फाइली एक-एक पानाच्या होत्या, आकाराने नगण्य. नुकसान किती जीबी टाकले यावर नाही झालं, किती फाइली टाकल्या यावर झालं. म्हणून कॉम्प्युटर बंद करायला माझा विद्यार्थी इतक्या घाईने सांगत होता, नुसतं ब्राउझर उघडलं तरी शेकडो बारीक फाइली बनतात.

आणि नेमके हेच जुने स्कॅन पेनड्राइव्हवर होते, कारण पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडून होता, त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नव्हतं आणि त्याच्या ३२ बाइटच्या ओळी जशाच्या तशा होत्या. पुढचा आठवडा रोज कॉलेजातून आल्यावर हेच काम. ७९ फाइली सरळ पत्त्यावर मिळाल्या, ९७ फाइली विंग शोधून, म्हणजे ६५,५३६ मिळवून. एकूण १७६. उरल्या ३६, त्यांच्यासाठी डी ड्राइव्हच्या नकलेवर फोटोरेक चालवलं, ते पत्ते बघतच नाही, फक्त `%PDF` सारखी डोकी शोधत सगळी डिस्क चाळतं. सात तास चाललं, हजारो फाइली काढल्या, एकालाही नाव नाही, `f0482312.pdf` असली नावं. चार संध्याकाळी बसून त्यातून आमच्या ८ ओळखल्या. २८ गेल्या त्या गेल्या.

३० जूनच्या मीटिंगमध्ये एक सभासद म्हणाले की कधी डिलीट केलं याचा पुरावा द्या. पेनड्राइव्हवरून काही सांगता येत नाही, फॅटमध्ये डिलीटची वेळ कुठेच लिहिली जात नाही, ओळीत आहे ती शेवटच्या बदलाची तारीख. एनटीएफएसच्या रेकॉर्डमध्येही ती नसते, पण डी ड्राइव्हवर बदलांची नोंदवही, `$UsnJrnl`, चालू होती आणि तिच्यात नावानिशी ३ जून, संध्याकाळी ६:४२ दिसलं. ही वही ठराविक आकाराची असते, भरली की जुनी पानं जातात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी कोणी विचारलं असतं तर मिळालं नसतं. समितीने वेळ इतिवृत्तात नोंदवली आणि तक्रार न करण्याचं ठरवलं.

विद्यार्थ्याने एक गोष्ट मला निक्षून सांगितली ती इथे लिहून ठेवते, कारण आम्ही आता नवीन कॉम्प्युटर घेतोय आणि त्यात एसएसडी असणार. एनटीएफएसचा रेकॉर्ड पत्ते जपतो हे खरं, पण एसएसडीवर विंडोज डिलीट होताच डिस्कला कळवतं की या खोल्या आता नकोत, आणि मग त्या पत्त्यावर गेलं तर नुसती शून्यं मिळतात. तुमच्याकडे ते चालू आहे का हे असं बघा:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

एनटीएफएसपुढे 0 आला तर चालू आहे. आमची जुनी डिस्क फिरणारी होती म्हणून sabhasad.mdb मिळाली. एसएसडीवर ती बहुधा गेलीच असती, आणि fd.txt मात्र रेकॉर्डच्या आत असल्याने तिथेही मिळाली असती.

खर्च झाला एकूण ४,८५० रुपये, डिस्क आणि ती तपासणी फी धरून, लॅबकडे जावं लागलं नाही. २१ जुलैला ऑडिटरने आय आणि जे रजिस्टरची छापील प्रत सही करून घेतली. गेलेल्या २८ फाइलींची यादी मी नोटीस बोर्डावर लावली, फ्लॅट नंबर आणि कागदाचं नाव एवढंच, की कुणाकडे झेरॉक्स असेल तर आणून द्या. आत्तापर्यंत १५ आल्या आहेत. १०३ मधल्या आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत २०१३ चा नॉमिनेशन फॉर्म घेऊन आल्या, आमच्या पोचेच्या शिक्क्यासकट, आणि समोर बसून म्हणाल्या की स्कॅन झाला की कागद लगेच परत दे, मी थांबते.